गोदामाचा करार आणि तीन क्रियापदे

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढू लागली की गोदामांची शोधाशोध सुरू होते आणि मागोमाग करारही होतात. नांदेडच्या नव्या मोंढ्यात वेगळे काही घडत नाही. करार बहुधा अकरा महिन्यांचा. मसुदा कुणाच्या तरी जुन्या फाईलमधला असतो. पुण्या-मुंबईच्या कार्यालयात कधीकाळी तयार झालेला इंग्रजी नमुना घ्यायचा, त्यात नावे, चतुःसीमा आणि रक्कम बदलायची, सोबत मराठी प्रत जोडायची आणि सह्या करायच्या. इंग्रजी प्रतीत जवळजवळ प्रत्येक वाक्यात ‘शॅल’ असतो आणि मराठी प्रतीत त्या जागी ‘राहील’, ‘करील’ किंवा ‘करण्यात येईल’. वाचायला सगळे भारदस्त वाटते. पण भाडे थकते किंवा छत गळते, तेव्हा ते वाक्य कुणाला बांधते हे शोधावे लागते आणि पुष्कळदा ते कुणालाच बांधत नाही.

असे मसुदे साफ करायला बसणाऱ्याला हल्ली एक सोपा सल्ला मिळतो: ‘शॅल’ हा जुनाट शब्द आहे, तो काढून सगळीकडे ‘मस्ट’ घाला. ब्रायन गार्नर हे अमेरिकी भाषातज्ज्ञ ‘शॅल’च्या विरोधात दीर्घकाळ लिहीत आले आहेत. २००७ साली अमेरिकेतील संघीय दिवाणी प्रक्रियेचे नियम नव्या भाषेत लिहिले गेले, तेव्हा तिथूनही ‘शॅल’ हटला. या सल्ल्यामागची तक्रार खरी आहे. एकाच शब्दाने कर्तव्य, अट, घोषणा आणि नुसता भविष्यकाळ अशी चार कामे केली की वाचणाऱ्याचा घोटाळा होणारच. पण त्यावरचा उपाय मला पटत नाही. चार कामे करणाऱ्या एका शब्दाच्या जागी तीच चार कामे करणारा दुसरा शब्द आणला, तर मसुदा नवा दिसतो, दोष मात्र जागच्या जागी राहतो. शब्द सगळ्यात शेवटी ठरवायचा असतो. आधी प्रत्येक कलमाला विचारायचे: यात सांगितलेली गोष्ट घडली नाही, तर काय होईल?

याची उत्तरे तीनच निघतात. कुणीतरी वचन मोडले आणि त्याच्याकडून भरपाई मागता येते, तर ते कर्तव्य. कुणी वचन मोडलेले नाही, पण एखादा हक्क उभाच राहत नाही किंवा हातचा जातो, तर ती अट. काहीच होत नाही, करणाऱ्याने केले नाही एवढेच, तर ती मुभा. इंग्रजी मसुद्यात कर्तव्याला ‘शॅल’, अटीला ‘मस्ट’ आणि मुभेला ‘मे’ ही वाटणी मला सगळ्यात उपयोगी वाटते. केनेथ अ‍ॅडम्स यांनी करारलेखनावरच्या आपल्या पुस्तकात ‘शॅल’साठी घातलेले बंधन हेच आहे: वाक्याचा कर्ता करारातील पक्ष असेल आणि त्याच्यावर कर्तव्य टाकायचे असेल, तरच ‘शॅल’ वापरायचा. तपासणीही सोपी आहे. ‘शॅल’च्या जागी ‘याच्यावर बंधन आहे’ असे घालून वाचायचे. वाक्य टिकले तर शब्द बरोबर. ‘व्यापाऱ्यावर दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत भाडे भरण्याचे बंधन आहे’ हे टिकते. ‘करारावर १ नोव्हेंबरपासून सुरू होण्याचे बंधन आहे’ हे हास्यास्पद होते. तिथे ना ‘शॅल’ हवा, ना ‘मस्ट’. करार १ नोव्हेंबरपासून सुरू होतो, एवढे साधे वर्तमानकाळी वाक्य पुरे.

आता एक गोदाम डोळ्यांसमोर आणू. मालक लातूरचा, घेणारा सोयाबीन आणि तुरीचा व्यापारी, मुदत अकरा महिने. मसुद्यातले नूतनीकरणाचे कलम असे आहे असे समजा: ‘व्यापाऱ्याने मुदत संपण्यापूर्वी दोन महिने लेखी नोटीस द्यावी व करार पुढील अकरा महिन्यांसाठी वाढविण्यात येईल.’ इंग्रजी प्रतीत नोटिशीच्या जागी ‘शॅल गिव्ह’ आहे. शब्दशः घेतले तर नोटीस देणे हे व्यापाऱ्याचे कर्तव्य ठरते. म्हणजे त्याला मुदतवाढ नको असेल आणि म्हणून त्याने नोटीस दिली नाही, तरी त्याने करार मोडला, असा अर्थ निघतो. तसे कुणाच्याच मनात नसते. मनात अट असते: वाढ हवी असेल तर नोटीस वेळेत पोचली पाहिजे, नाहीतर वाढ नाही.

हा फरक कागदी नाही. सर्वोच्च न्यायालयापुढे कॅलटेक्स कंपनीचे कलकत्त्यातील एका जागेच्या भाडेपट्ट्याचे प्रकरण आले होते. भगवानदेवी मारोडिया या त्यातल्या मालकपक्ष होत्या. भाडेपट्टा वाढवून घ्यायचा तर मुदतीच्या दोन महिने आधी मागणी करायची होती. कंपनीची मागणी उशिरा गेली. न्यायालयाने कंपनीला वाढ दिली नाही. नूतनीकरणाचा पर्याय ही भाडेकरूला दिलेली सवलत आहे, ती घ्यायची तर वेळ काटेकोर पाळली पाहिजे, असे त्यामागचे सूत्र. कर्तव्यात थोडा उशीर झाला तर भरपाई देऊन निभावते. अटीत उशीर झाला तर हक्कच जातो. म्हणून या कलमात ‘मस्ट’ हवा, आणि त्याच्या शेजारी परिणामही लिहिलेला हवा. मराठीत मी ते असे लिहीन: ‘व्यापाऱ्यास करार आणखी अकरा महिन्यांसाठी वाढवून घेता येईल. त्यासाठी त्याची लेखी नोटीस मुदत संपण्याच्या किमान दोन महिने आधी मालकास मिळालेली असली पाहिजे. तशी न मिळाल्यास हा हक्क संपेल.’ पहिले वाक्य मुभेचे, दुसरे अटीचे, तिसरे परिणामाचे. कर्तव्य यात कुठेही नाही. नोटीस ‘देणे’ आणि ‘मिळणे’ यातले अंतरही इथे मिटवून टाकले आहे, कारण टपालात चार दिवस गेले तर ते कुणाच्या अंगावर, हा वाद याच कलमात हमखास होतो.

छताच्या कलमाची गोष्ट याहून वाईट असते. ‘गोदामाच्या छताची आवश्यक ती दुरुस्ती करण्यात येईल.’ आपल्या सरकारी मराठीने जोपासलेले हे ‘करण्यात येईल’ करारात शिरले की कर्ता गायब होतो. इंग्रजीत त्याचे रूप ‘द रूफ शॅल बी रिपेअर्ड’ असे असते आणि वर सांगितलेली तपासणी लावली की दुखणे लगेच सापडते: छतावर दुरुस्त होण्याचे बंधन आहे! इथे ‘शॅल’ काढून ‘मस्ट’ घातला तर काय बदलले? छतच पुन्हा बांधले गेले, माणूस मोकळाच राहिला.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस होतो, पत्र्याच्या सांध्यातून पाणी उतरते आणि खालच्या थप्पीतली पोती भिजतात. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत ओलाव्याची मर्यादा वर्षानुवर्षे १२ टक्के धरली गेली आहे. त्याच्या वर गेलेला माल परत येतो, आणि भिजून बुरशी धरलेल्या मालाला मोंढ्यातही कुणी धड भाव देत नाही. व्यापारी म्हणणार, दुरुस्ती मालकाची. मालक म्हणणार, जागा तुझ्या ताब्यात होती, किल्ली तुझ्याकडे होती, कुठे गळते ते मला दिसणार कसे? करारात या भांडणाचे उत्तर नाही. आणि ‘सह्या करताना मालकानेच कबूल केले होते’ हे तोंडी म्हणणे फारसे उपयोगी पडत नाही, कारण लेखी कराराच्या अटी तोंडी पुराव्याने बदलता येत नाहीत, हा साक्ष कायद्याचा जुना नियम आहे. जुन्या कायद्यात तो कलम ९२ मध्ये होता, नव्या अधिनियमातही आहे. त्याला अपवाद आहेत, पण अपवादात बसण्यासाठी झगडावे लागते.

हेच कलम कर्ता घालून लिहू: ‘गळती असल्याचे व्यापाऱ्याने लेखी कळविल्यापासून सात दिवसांत मालकाने स्वखर्चाने छताची दुरुस्ती करणे बंधनकारक राहील.’ आता कर्तव्य कुणाचे हे ठरले, ते कधी सुरू होते हे ठरले, आणि किल्ली व्यापाऱ्याकडे असल्याची मालकाची अडचणही सुटली, कारण कळविल्याशिवाय सात दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. इंग्रजीत इथे ‘शॅल’ बसतो आणि शोभतो. पण एवढ्यावर थांबले तर व्यापाऱ्याला आठव्या दिवशी फक्त दावा लावता येईल, पोती मात्र भिजत राहतील. म्हणून पुढे मुभेचे वाक्य हवे: ‘मालकाने तसे न केल्यास व्यापाऱ्यास स्वतः दुरुस्ती करून घेता येईल व पावतीप्रमाणे झालेला खर्च पुढील भाड्यातून वजा करता येईल.’ हे ‘मे’ आहे. व्यापाऱ्याने दुरुस्ती करून घेतलीच पाहिजे असे ते म्हणत नाही. तरी भारतीय करार कायद्याच्या कलम ७३ चे स्पष्टीकरण इथे लक्षात ठेवावे लागते. नुकसान मोजताना ते टाळण्याची कोणती साधने हाताशी होती, हेही पाहिले जाते. मुभा हाती असून ताडपत्रीसुद्धा न टाकता बसलेल्या व्यापाऱ्याला सगळ्या पोत्यांची किंमत मिळेलच असे नाही.

मुभेच्या शब्दाची आणखी एक खोडी आहे. ‘व्यापाऱ्यास गोदामात सोयाबीन व तूर साठविता येईल’ असे लिहिले, आणि त्याने खताच्या गोण्या आणून ठेवल्या. मालक चिडतो. पण करारात त्याला मनाई कुठे आहे? एका गोष्टीची मुभा दिल्याने दुसरीची बंदी होतेच असे नाही. वाद घालायला जागा मात्र दोन्ही बाजूंना मिळते. बंदी हवी असेल तर ती बंदी म्हणूनच लिहावी: ‘सोयाबीन व तूर याखेरीज कोणताही माल मालकाच्या लेखी संमतीशिवाय व्यापाऱ्याने गोदामात ठेवू नये, ठेवल्यास तो कराराचा भंग समजला जाईल.’ इंग्रजीत यासाठी ‘शॅल नॉट’ हवा. ‘मे नॉट’ टाळावा, कारण त्याचा अर्थ ‘परवानगी नाही’ असाही होतो आणि ‘कदाचित करणार नाही’ असाही. मराठीतले ‘ठेवू शकणार नाही’ हेही तितकेच ढिले आहे. ते मनाईबद्दल बोलते की ऐपतीबद्दल, हे वाक्यावरून कळत नाही.

उलटी चूकही होते. मुभा द्यायची तिथे ठाम भविष्यकाळ लिहिला जातो. ‘सलग दोन महिने भाडे थकल्यास करार संपुष्टात येईल.’ मालकाला हे कडक कलम वाटते आणि तो खूश होतो. पण भाव पडले आणि व्यापाऱ्याला गोदाम नकोसे झाले, तर दोन महिने भाडे न भरता तो म्हणू शकतो की करार आपोआप संपला, उरलेल्या महिन्यांचे मी देणे लागत नाही. स्वतःच्या कसुरीचा फायदा कुणाला घेता येऊ नये, हे तत्त्व मालकाच्या मदतीला येईल, पण त्यासाठी त्याला कोर्टात जावे लागेल. ‘मालकास लेखी नोटीस देऊन करार संपुष्टात आणता येईल’ एवढा बदल केला की निवड मालकाच्या हाती येते. इथे ‘मे’ हा ‘शॅल’पेक्षा जास्त ताकदीचा आहे. मसुदे साफ करणाऱ्या कितीतरी जणांना वाटते की कडक शब्द घातला म्हणजे आपला अशील सुरक्षित झाला. कडकपणा कुणाच्या बाजूने काम करतो हे आधी पाहावे लागते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: न्यायालय शब्दाला चिकटून बसत नाही, हेतू पाहते. मग एवढी चिकित्सा कशाला? आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचा उगम कायद्यांच्या अर्थ लावण्यात आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३२० मधील लोकसेवा आयोगाशी सल्लामसलतीच्या तरतुदीत ‘शॅल’ असूनही सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली मनबोधनलाल श्रीवास्तव प्रकरणात ती बंधनकारक मानली नाही. उलट अधिकाऱ्याला दिलेल्या ‘मे’चा अर्थ ‘केलेच पाहिजे’ असा लावलेले निकालही आहेत. मात्र कायदा संसद करते आणि तो लोकहितासाठी असतो; म्हणून न्यायालय तिथे हेतूकडे झुकते. करार दोन माणसे आपापल्या फायद्यासाठी करतात. तिथे त्यांचा हेतू शोधायचा पहिला आणि बहुधा शेवटचा पुरावा म्हणजे त्यांनी वापरलेले शब्दच. हे सगळ्यात स्पष्ट दिसते ते लवादाच्या कलमात.

पुण्याची क्विक हील टेक्नॉलॉजीज आणि एनसीएस कॉम्प्युटेक यांच्यातील प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये निकाली काढले. त्यांच्या सॉफ्टवेअर वितरणाच्या करारातले वादविषयक कलम आपल्या गोदामाच्या मसुद्यातल्या कलमासारखेच, वरून नीटनेटके दिसणारे होते. आधी दोन्ही बाजूंच्या नेमलेल्या माणसांनी सामोपचाराने चर्चा करायची, तिथे ‘शॅल’. ३० दिवसांत वाद मिटला नाही तर तो लवादाकडे नेता येईल, तिथे ‘मे’. पुढच्या पोटकलमात पुन्हा ‘शॅल’: वाद लवाद कायद्यानुसार लवादाकडे सोपविले जातील, आणि ठिकाण पुणे. क्विक हीलने लवाद नेमून मिळावा म्हणून अर्ज केला. तिचे म्हणणे समजण्यासारखे होते: दुसऱ्या पोटकलमात स्वच्छ ‘शॅल’ आहे, ठिकाणही ठरले आहे, मग लवाद करायचाच हा हेतू नाही तर काय? न्यायमूर्ती काथावाला यांनी अर्ज फेटाळला. एकाच कलमात दोन्ही शब्द वापरले आहेत, म्हणजे लिहिणाऱ्याला त्यांच्यातला फरक माहीत होता, असे न्यायालयाने धरले. ‘मे’मुळे लवादाकडे जायला त्या वेळी दोन्ही बाजूंची नव्याने संमती लागते. ती संमती झाली, तरच पुढचा ‘शॅल’ लागू होतो.

या निकालात मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही गोष्ट, की न्यायालयाने शब्दांकडे एकेकटे पाहिले नाही. सगळीकडे एकच शब्द असता, तर कदाचित लिहिणाऱ्याच्या ढिलाईकडे बोट दाखवून हेतू शोधता आला असता. दोन शब्द शेजारी आले की प्रत्येकाला वेगळा अर्थ द्यावाच लागतो. म्हणून मसुदा अर्धवट साफ करणे हे मुळीच साफ न करण्यापेक्षा जास्त धोक्याचे आहे. तीन कलमांत ‘शॅल’चा ‘मस्ट’ केला आणि बाकीची तशीच ठेवली, तर समोरचा वकील विचारणारच: इथे ‘मस्ट’ आणि तिथे ‘शॅल’ का? तिथले बंधन सौम्य होते म्हणूनच ना?

आणि नुसता ‘शॅल’ तरी तारतो का? जगदीश चंदर विरुद्ध रमेश चंदर या २००७ च्या प्रकरणात भागीदारीपत्रात लवादासाठी ‘शॅल’च होता. पण त्याच्या शेपटीला ‘पक्षांनी तसे ठरविल्यास’ असे शब्द होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा लवादाचा करार नव्हे. पुढे कधीतरी ठरवू, एवढेच यात ठरले आहे. ईस्टर्न कोलफिल्ड्सच्या कंत्राटात वादाचे निवारण लवाद कायद्याद्वारे ‘मागता येईल’ असे होते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यालाही लवादाचा करार मानले नाही. या अठरा वर्षांत निकालांची दिशा बदललेली नाही, तरी नमुन्यातले कलम जसेच्या तसे उतरत राहते.

आमच्याकडे याची किंमत वेगळीच मोजावी लागते. देशांतर्गत करारात लवाद नेमण्याचा अर्ज उच्च न्यायालयात करावा लागतो. म्हणजे लातूरच्या किंवा नांदेडच्या माणसाला छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापुढे जावे लागते. तिथे ‘मे’वर अर्ज फेटाळला गेला, तर परत येऊन जिल्ह्यातल्या दिवाणी न्यायालयात दावा लावायचा. भिजलेल्या सोयाबीनचा प्रश्न तोवर दोन हंगाम जुना झालेला असतो, पोती गेलेली असतात, आणि पंचनामा केला नसेल तर ती किती होती हेही सिद्ध करावे लागते.

तेव्हा गोदामाच्या करारात मालकाने आणि व्यापाऱ्याने आधी खरेच ठरवावे की लवाद हवा की नको. शंभर-दोनशे पोत्यांच्या वादाला लवादाची फी परवडत नाही. तिथे लातूर किंवा नांदेडचे दिवाणी न्यायालय बरे, आणि मग लवादाचे कलम काढूनच टाकावे. व्यवहार मोठा असेल आणि लवाद हवाच असेल, तर वाक्य असे असावे: ‘या करारातून उद्भवणारा कोणताही वाद एका लवादाकडे सोपविला जाईल व त्याचा निवाडा दोन्ही पक्षांवर बंधनकारक राहील. लवादाचे ठिकाण लातूर राहील.’ वाद स्वतःहून कुठे जात नाही, म्हणून इथे ‘सोपविला जाईल’ला कर्ता नाही अशी तक्रार माझ्या तपासणीतूनच निघते. ती दूर करायला आणखी एक वाक्य पुरते, आणि त्यात मुभा तिच्या योग्य जागी बसते: ‘वाद उद्भवल्यास कोणत्याही एका पक्षास दुसऱ्यास लेखी नोटीस देऊन लवादाची कार्यवाही सुरू करता येईल व तशी नोटीस मिळाल्यावर दुसऱ्या पक्षाने त्या कार्यवाहीत सामील होणे बंधनकारक राहील, त्यासाठी त्याच्या वेगळ्या संमतीची गरज राहणार नाही.’ सुरुवात करायची की नाही ही निवड, पण एकाने ती केल्यावर दुसऱ्याला पळवाट नाही. क्विक हीलच्या कलमात ‘मे’ होता, पण ती निवड कुणा एकाची आहे, हे सांगणारे शब्द मात्र नव्हते.